खरं तेवढंच सांगावं : रक्तदानाच्या एका चित्रफितीविषयी



या व्याख्यानमालेत माझ्यासारख्या रक्तपेढीतल्या डॉक्टरला बोलावलं, तेव्हा मी कशावर बोलणार हे माझ्या मनात ठरलेलंच होतं. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांत, महाविद्यालयांत, बसस्थानकावर दाखवता येईल अशी रक्तदानाची एक छोटी चित्रफीत करायची आहे. चार मिनिटांची. तिच्यातलं बोलणं लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. चार मिनिटांत सावकाश बोललं तर साडेचारशेच्या आसपास शब्द बसतात. त्यातला कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता गाळायचा, हा विचार करताना जे सुचलं, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

आपल्याकडच्या शिबिरात एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. ‘काही होत नाही, बिनधास्त द्या.’ म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्याच दुपारी एखाद्या पोराला चक्कर येते, हातावर काळानिळा डाग उठतो, आणि त्या पोराच्या लेखी आपण खोटे ठरतो. तो पुन्हा येत नाही, आणि त्याच्याबरोबरचे दोघंही येत नाहीत. म्हणून चित्रफितीत ‘काही होत नाही’ हे वाक्य येऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. काय होतं, किती होतं, किती वेळ राहतं आणि त्यावर काय करायचं, एवढं शांतपणे सांगायचं. आवाज चढवायचा नाही, पार्श्वसंगीतानं डोळ्यांत पाणी आणायचं नाही. घाबरलेल्या माणसाला मापं हवी असतात.

पहिली भीती सुईची. ती फार लोकांना असते आणि सांगायला फार कमी लोक तयार असतात. तिथे मी असं लिहिलं आहे : ‘सुई जाताना दुखतं. नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा ही सुई जाड असते, कारण रक्त वेगानं यावं लागतं, नाहीतर नळीतच गुठळी धरते. दुखणं दोन-तीन सेकंदांचं. मग पाच ते आठ मिनिटं कोपराशी थोडा ताण जाणवतो. सुई बघवत नसेल तर मान वळवा, ते सांगायला लाजू नका.’ मुंगी चावल्यासारखं वाटतं, असं आपण वर्षानुवर्षं सांगत आलो. ते मी काढून टाकलं.

सुईतून रोग लागेल का, हा प्रश्न तिच्याच पाठोपाठ येतो. इथे बोलण्यापेक्षा दाखवणं बरं. बंद पाकीट दात्यासमोर फोडलं जातं. त्यात पिशवी, तिला जोडलेली नळी आणि नळीच्या टोकाला टोपण घातलेली सुई, हे तिन्ही कारखान्यातूनच एकसंध येतं. ही सुई काढून दुसऱ्याला वापरायची सोयच त्या रचनेत नाही. रक्त घेऊन झालं की नळी बंद करून सुई तोडून नष्ट करतात. कॅमेऱ्यानं फक्त ते पाकीट फोडताना दाखवावं आणि आवाजानं एवढंच म्हणावं : ‘ही पिशवी आणि ही सुई तुमच्यासाठी आज पहिल्यांदा उघडली. तुमच्यानंतर ती कुणालाच लागणार नाही.’

आता चक्कर. यावर मी जरा थांबणार आहे, कारण शिबिरात सगळ्यात जास्त गैरसमज हिच्यामुळे पसरतो. एक पोरगा खुर्चीवरून कलंडला की रांगेतले चार जण पांढरेफटक पडतात, आणि गावात बातमी जाते की रक्त काढलं म्हणून पोरगं बेशुद्ध पडलं. खरी गोष्ट निराळी आहे. काही जणांना सुई टोचायच्या आधीच, नुसती पिशवी बघून चक्कर येते. तेव्हा अंगातून थेंबही गेलेला नसतो. भीतीनं किंवा वेदनेनं एक मज्जातंतू चाळवतो, हृदयाचे ठोके मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि क्षणभर मेंदूकडे रक्त कमी पोचतं. आडवं झोपवून पाय उंच केले की काही मिनिटांत माणूस बोलायला लागतो. 

चक्कर कुणाला येण्याची शक्यता जास्त, हेही ठाऊक आहे. पहिल्यांदा देणारे, वयानं लहान, वजनानं कमी, रात्री न झोपलेले आणि उपाशी आलेले. ती येण्याआधी शरीर कळवतं : जांभया येतात, कपाळावर गार घाम फुटतो, ओठ फिके पडतात, कानांत आवाज घुमतो, मळमळतं. हे ओळखायला दात्याच्या शेजारी बसलेल्या मित्रालाही शिकवता येतं, म्हणून चित्रफितीत ते दात्याला उद्देशून न सांगता दोघांना मिळून सांगितलं आहे. टाळण्याचे उपायही साधे आहेत. रक्त देण्याच्या थोडं आधी अर्धा लिटर पाणी प्यायचं. सुई आत असताना मांड्या आणि पोटाचे स्नायू काही सेकंद आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. त्यानं पायांत साठू पाहणारं रक्त वर ढकललं जातं. या दोन गोष्टींनी चक्करेचं प्रमाण कमी होतं, हे तपासून पाहिलेलं आहे.

जास्त धोका नंतरच्या चक्करेत असतो. माणूस बिस्कीट-चहा न घेता उठतो, मोटरसायकलला किक मारतो आणि रस्त्यात त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून दहा-पंधरा मिनिटं बसवून ठेवणं हा तपासणीचाच भाग समजायचा. ‘बिस्कीट खा’ या आग्रहामागं पाहुणचार कमी आणि पहारा जास्त असतो. चित्रफितीतली ओळ अशी : ‘अर्धा तास गाडी चालवू नका. त्या दिवशी त्या हातानं घागर, पोतं उचलू नका. पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. वाटेत गरगरलं तर लाज न बाळगता रस्त्याच्या कडेला आडवे व्हा आणि पाय दगडावर टेकवा.’

यानंतर सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जुनी भीती : अशक्तपणा. ‘आमचं रानातलं काम आहे, रक्त दिल्यावर ताकद जाते.’ कळंब, भूम, वाशीकडून ऊसतोडीला जाणारा माणूस हे म्हणतो तेव्हा त्याला हसणं हा त्याच्या कष्टाचा अपमान आहे. त्याच्यापुढे हिशोब मांडावा.

समजा त्याचं वजन 50 किलो आहे. पुरुषाच्या अंगात किलोमागे साधारण 70 मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे याच्या अंगात सुमारे साडेतीन लिटर. आपण घेतो 350 मिलिलिटर, म्हणजे दहावा भाग. 45 किलोच्या खाली वजन असेल तर रक्त घेतच नाहीत, आणि 450 मिलिलिटरची मोठी पिशवी 55 किलोच्या वरच्यांनाच लावतात, ती यासाठीच की कुणाच्याही अंगातून या प्रमाणापलीकडे फार जाऊ नये. गेलेल्या दहाव्या भागात निम्म्याहून जास्त पातळ द्रव असतो. पाणी प्यायलं, जेवलं की तो एक-दोन दिवसांत भरून निघतो. म्हणून बहुतेकांना दुसऱ्या दिवशी काही वेगळं वाटत नाही. तांबड्या पेशी मात्र हाडांच्या मगजात तयार व्हायला चार ते आठ आठवडे घेतात. त्या काळात हिमोग्लोबिन साधारण एकानं खाली असतं. चालायला, नेहमीच्या कामाला ते जाणवत नाही. पण भर उन्हात दिवसभर कोयता चालवणाऱ्याला दम थोडा लवकर लागू शकतो. हे आपण सांगितलंच पाहिजे. त्याला म्हणावं, हंगामाच्या तोंडावर देऊ नकोस. हंगाम संपवून आलास, खाणंपिणं नीट झालं, की दे.

अजून एक हिशोब आहे, आणि तो शिबिरात कुणीच सांगत नाही. तो लोहाचा. हिमोग्लोबिन 14 असलेल्या माणसाच्या 350 मिलिलिटर रक्तात सुमारे 49 ग्रॅम हिमोग्लोबिन जातं, आणि त्याबरोबर साधारण 165 मिलिग्रॅम लोह. जेवणातून अंगी लागणारं लोह दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच. त्यातलंही थोडं रोजच्या झिजेत जातं. रक्त दिल्यावर शरीर थोडं जास्त शोषून घेतं. म्हणजे ही तूट भरायला तीन ते पाच महिने लागतात. दोन रक्तदानांत पुरुषांना किमान 90 दिवस आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर ठेवलं आहे, ते यासाठी. पाळीत स्त्रीचं लोह दर महिन्याला जातच असतं. खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं नेमानं रक्त देणाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, हे अंतरही कधीकधी अपुरं पडतं, आणि त्यांनी डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात हे उत्तम. एवढं सगळं चार मिनिटांत मावणार नाही. म्हणून ओळ एवढीच ठेवली : ‘पाणी दोन दिवसांत भरतं, पेशी दोन महिन्यांत, लोह त्याहून सावकाश. म्हणून पुरुषांनी तीन महिने, बायकांनी चार महिने थांबायचं.’

रक्त दिल्यानं मूल होत नाही, पुरुषत्व कमी होतं, असंही लोक कुजबुजतात. याचा रक्तदानाशी काही संबंध नाही, आणि यावर एका वाक्यापेक्षा जास्त वेळ घालवू नये, असं माझं मत आहे. अफवेवर जास्त रेंगाळलं की बघणाऱ्याच्या लक्षात अफवाच राहते. मनातली भीती आधी बोलून दाखवावी, म्हणजे माणसाला आपलं ऐकलं गेल्यासारखं वाटतं. अफवेच्या बाबतीत मात्र खरी गोष्ट आधी सांगावी.

आता आपल्या आया-बहिणींचा प्रश्न. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान साडेबारा लागतं, स्त्री असो वा पुरुष. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे शिबिरात आलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त बायकांना आपण परत पाठवणार, हे आधीच ठरल्यासारखं आहे. आणि कसं पाठवतो? ‘तुमचं रक्त कमी आहे, जा.’ ती मान खाली घालून जाते, आणि आपल्यात काहीतरी खोट आहे असं धरून चालते.

हे मोजतात कसं, ते चित्रफितीत मला दाखवायचंच आहे, कारण ते बघायला सुंदर आहे. काचेच्या छोट्या नळीत निळं पाणी असतं. ते मोरचुदाचं. द्राक्षाच्या, डाळिंबाच्या बागेवर फवारणी करणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला मोरचूद काय ते सांगावं लागत नाही. त्या पाण्याची घनता 1.053 इतकी नेमकी राखलेली असते. बोटाला टोचून काढलेला थेंब त्यात सोडला की त्याभोवती पातळ आवरण बसतं आणि तो लगेच विरघळत नाही. हिमोग्लोबिन साडेबारा किंवा जास्त असेल तर थेंब जड असतो आणि पंधरा सेकंदांच्या आत तळाला जातो. कमी असेल तर मधेच रेंगाळतो किंवा वर येतो. ही चाचणी आकडा सांगत नाही, ‘द्या’ किंवा ‘थांबा’ एवढंच सांगते, आणि रक्तातली प्रथिनं फार वाढलेली असतील तर ती चुकतेही. काही ठिकाणी आता छोट्या यंत्रावर आकडाच येतो, ते अधिक चांगलं.

थेंब तरंगला तर काय, यासाठी मी चित्रफितीत सगळ्यात जास्त शब्द राखून ठेवले आहेत : ‘ताई, आज थेंब खाली गेला नाही. याचा अर्थ आज रक्त तुम्हालाच हवं आहे. हा कागद घेऊन गावातल्या उपकेंद्रात जा. तिथे लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, लिंबू-पाण्याबरोबर घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू.’ त्या कागदावर तपासणीची तारीख आणि निकाल लिहिलेला असायला हवा, नाहीतर उपकेंद्रात गेल्यावर ती काय सांगणार? शिबिर भरवणाऱ्यांना माझी एवढी विनंती आहे की परत पाठवलेल्यांचीही नोंद करा.

पाळी चालू असताना त्या दिवसांपुरतं थांबायला सांगतात. अंगातून रक्त जातच असतं, त्यात भर नको, हे त्यामागचं कारण. विटाळाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि हे वाक्य चित्रफितीत एखाद्या बाईच्याच आवाजात यावं असं मला वाटतं. बाळंतपणानंतर वर्षभर आणि अंगावर पाजत असताना रक्त द्यायचं नाही, हेही तिनंच सांगावं.

रक्त देणाऱ्याच्या भीतीबद्दल इतकं बोललो. घेणाऱ्याचीही बाजू आहे. दिलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासणी होते. पण संसर्ग झाल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत मधे काही काळ जातो. एचआयव्हीसाठी चाचणीच्या प्रकारानुसार तो दहा दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत असतो. त्या काळात दिलेलं रक्त तपासणीत निर्दोष ठरतं आणि रोग्याच्या अंगात जातं. म्हणून अर्जावरचे प्रश्न म्हणजे कागदी सोपस्कार मानायचे नाहीत. जत्रेत गोंदवून घेतलं असेल तर बारा महिने थांबायचं, हा नियम त्याच पोटी आलेला आहे. ‘तपासतातच ना, मग लपवलं तर काय झालं’ असं वाटणाऱ्या माणसासाठी ओळ अशी : ‘चाचणीला जे दिसत नाही, ते फक्त तुम्हाला माहीत असतं. शंका असेल तर आज देऊ नका. त्याचं कारण कुणी विचारणार नाही. स्वतःची तपासणी करायची असेल तर सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात जा. ती मोफत आणि गुप्त असते.’ शिबिरात डबे, हेल्मेट, बॅगा वाटण्याला माझा विरोध आहे तो इथूनच. वस्तूसाठी आलेला माणूस खरं सांगेलच असं नाही.

‘आम्ही फुकट देतो आणि ते विकतात’ हा राग खरा आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. रक्ताची विक्री आपल्याकडे चालत असे. पैसे घेऊन वारंवार रक्त देणारे लोक होते, आणि ते बहुधा गरजेपोटी आजार लपवत. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 1996 मध्ये निकाल दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून हा धंदा बंद झाला. आज जे पैसे घेतले जातात ते पिशवी, पाच चाचण्या, गट जुळवणी आणि शीतपेटी यांचे, आणि त्यांची कमाल मर्यादा ठरवून दिलेली आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांना रक्त मोफत देण्याचा निर्णय डिसेंबर 2020 मध्ये झाला. थॅलेसेमियाच्या मुलांना तर ते आयुष्यभर लागतं, त्यांच्याकडून शुल्क घ्यायचं नसतं. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त कुणी मागितलं तर पावती मागा. चित्रफितीत हे सांगताना कुणाची वकिली करायची नाही. नियम सांगायचा आणि पावतीचा हक्क सांगायचा.

शेवटची गोष्ट वेळेची, कारण ती आपल्या जिल्ह्याच्या दिनदर्शिकेशी बांधलेली आहे. साध्या पिशवीतलं रक्त शीतपेटीत 35 दिवस टिकतं. शिवजयंतीला, 19 फेब्रुवारीला, गावोगाव शिबिरं होतात. त्या दिवशी घेतलेली पिशवी 26 मार्चला संपते. 14 एप्रिलच्या पिशव्या 19 मेपर्यंत पुरतात. त्यानंतर महाविद्यालयं बंद, ऊन रणरणतं, आणि त्याच दिवसांत बाळंतपणं आणि अपघात थांबलेले नसतात. मग उमरग्याचे, तुळजापूरचे नातेवाईक 45-50 किलोमीटरवर किंवा त्याहून लांब सोलापूर-लातूरला पिशवी शोधत फिरतात. दुसरीकडे शारदीय नवरात्रात तुळजापूरला लाखोंची गर्दी असते आणि शिबिराचा मोह होतो. पण उपवास असलेल्याचं रक्त घेत नाहीत. आणि त्या नऊ दिवसांत आपल्या घराघरांत उपवास असतो. तिथे पेंडॉल टाकून माणसं परत पाठवण्यापेक्षा चित्रफीत दाखवावी, नावं घ्यावीत आणि दसऱ्यानंतरची तारीख द्यावी.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात भूकंप झाला, तो आठवणारे इथे अनेक आहेत. त्या दिवसांत रक्त द्यायला माणसांची कमतरता नव्हती. परंतु घेतलेली पिशवी तपासून, गट लावून हाती यायला काही तास जातात, आणि ढिगाऱ्याखालून काढलेल्या जखमीकडे तेवढे तास नसतात. पहिल्या काही तासांत जे रक्त चढतं, ते भूकंपाच्या आधी कुणीतरी दिलेलं असतं. म्हणून चित्रफितीच्या अखेरीस भूकंपाची दृश्यं घालायची सूचना आली तेव्हा मी नको म्हटलं. त्या जागी एक तारीखपत्रक दाखवायचं ठरलं आहे. त्यावर मे महिना आहे, शनिवार आहे, सकाळी आठची वेळ आहे, ऊन चढायच्या आत. खाली एक ओळ : ‘घरून भाकरी खाऊन या, पाणी पिऊन या, रात्री नीट झोपून या.’